गादीवर ५०% सूट? आधी डेन्सिटी विचारा

‘३०,००० रुपयांची गादी फक्त १५,००० रुपयांत!’ अशी जाहिरात पाहिली की निम्मे पैसे वाचल्यासारखे वाटतात. पण ३०,००० हा आकडा कंपनीनेच ठरवलेला असतो. म्हणून सूट किती, यापेक्षा गादीच्या आत काय आहे ते पाहा.

फोमच्या गादीत आधी डेन्सिटी विचारा. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन. ती कमी असेल तर गादीत लवकर खड्डा पडतो. हाताने दाबून फक्त कडकपणा कळतो, डेन्सिटी नाही.

वजनावरून मात्र अंदाज येतो. ७८ × ६० × ६ इंचांच्या गादीत साधारण ०.४६ घनमीटर फोम बसतो. डेन्सिटी ४० असेल, तर नुसता फोमच १८ किलोंच्या आसपास भरायला हवा. जाहिरातीत ‘४० डेन्सिटी’ आणि माहितीत वजन १३ किलो असेल, तर हिशेब २८च्या आसपासच येतो. स्प्रिंग किंवा काथ्याच्या गादीला हे गणित लागू होत नाही.

मग वॉरंटी वाचा. १० वर्षांची वॉरंटी असली, तरी अनेकदा एक इंचापेक्षा कमी खोल खड्डा त्यात धरत नाहीत. काही कंपन्या काही वर्षांनंतर नव्या गादीच्या किमतीतला वाटा तुमच्याकडून घेतात.

‘१०० दिवस वापरून पाहा’ असेल, तर दोन गोष्टी लेखी घ्या: पैसे परत मिळतात की फक्त बदली, आणि गादी परत नेण्याचा खर्च कोणाचा?