पैसे आधी पोचतात की हिशेब आधी होतो?

मंडळी, आता एनईएफटी आणि आयएमपीएसकडे वळू. एक सावकाश, दुसरी झटपट, एवढाच फरक आपण सांगतो. पण खरा फरक क्रमाचा आहे.

नोव्हेंबर 2005 मध्ये रिझर्व्ह बँकेने एनईएफटी सुरू केली. तिची रीत एस.टी.च्या फेऱ्यांसारखी. तुमचा आदेश लगेच निघत नाही, पुढच्या फेरीची वाट बघतो. समजा एका फेरीत अ बँकेच्या खातेदारांनी ब बँकेत 60 लाख पाठवले आणि ब कडून अ कडे 45 लाख आले. मग शेकडो व्यवहार वेगवेगळे न मिटवता रिझर्व्ह बँक अ च्या खात्यातून फक्त 15 लाख ब च्या खात्यात वळवते. बँकांमधला हिशेब असा मिटला की ब बँक खातेदारांच्या खात्यात पैसे भरते. त्यासाठी तिला दोन तास असतात. भरता आले नाहीत, तर तेवढ्याच वेळात परत पाठवायचे.

2017 पासून या फेऱ्या अर्ध्या तासाने सुटू लागल्या, पण सकाळी 8 ते संध्याकाळी 7 एवढ्याच. शुक्रवारी रात्री 8 ला पैसे पाठवले आणि दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार असला, तर थेट सोमवार उजाडायचा. ही अडचण 16 डिसेंबर 2019 ला संपली. दिवसाला 48 फेऱ्या, सुट्टीलासुद्धा. पण फेरी राहिलीच.

आयएमपीएस नोव्हेंबर 2010 मध्ये आली. इथे प्रत्येक आदेश एकटा धावतो. तुमच्या खात्यातून रक्कम वजा होते, निरोप राष्ट्रीय देयक महामंडळाच्या यंत्रणेतून समोरच्या बँकेकडे जातो, ती रक्कम जमा करून होकार कळवते. सगळं काही सेकंदांत. आता गंमत बघा: बँकांनी अजून एकमेकींना काहीच दिलेलं नाही! त्यांचा हिशेब नंतर, ठरलेल्या वेळी, पुन्हा वजाबाकी करूनच मिटतो. मधल्या काळात ब बँकेने जणू उधारीवर पैसे दिलेले असतात. अ बँक अडचणीत आली तर? म्हणून सदस्य बँकांचा हमी निधी ठेवावा लागतो.

या उलट्या क्रमामुळे चूकही वेगळी दिसते. एनईएफटीत पैसे अडले तर बहुतेक वेळा कारणासह परत येतात. आयएमपीएसमध्ये होकाराचा निरोपच वाटेत हरवू शकतो. पैसे वजा झालेले, समोर जमा झाले की नाही ते कळत नाही. तेव्हा लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका, दोन्ही रकमा जमा होऊ शकतात. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार, पैसे जमा झाले नसतील तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर रोज 100 रुपये भरपाई.

म्हणजे झटपट झालं ते तुमच्या खात्यापुरतं. बँकांची फेरी अजून चालूच आहे, फक्त ती तुम्हाला दिसत नाही.