‘योगदान स्पष्ट नाही’: एका शेऱ्याचा मागोवा

पीएच.डी.च्या परीक्षक अहवालात एक वाक्य हमखास भेटतं : ‘अभ्यासाचे ज्ञानातील योगदान स्पष्ट होत नाही.’ व्हायव्याच्या खोलीत तोच शेरा प्रश्न होऊन येतो : ‘तुमच्या प्रबंधात नवीन काय?’ चार-पाच वर्षं घासलेला विद्यार्थी आधी गाइडकडे बघतो आणि मग प्रकरणांची यादी सांगू लागतो. ही यादी उत्तर का ठरत नाही, हे या प्रश्नाची कुळकथा पाहिली की कळतं.

मुळात हा प्रश्न नव्हताच. ‘डॉक्टर’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘शिकवणे’ या क्रियापदावरून आला. मध्ययुगीन विद्यापीठात ही पदवी म्हणजे शिकवण्याचा परवाना असे. उमेदवाराने भर सभेत एक विधान मांडायचं, आक्षेप झेलायचे आणि त्यांचं खंडन करायचं. आपल्याकडच्या शास्त्रार्थाशी याचं बरंच साम्य होतं. परीक्षा पांडित्याची होती, नावीन्याची नव्हती. विधान उमेदवाराचं स्वतःचं असलं पाहिजे, असाही आग्रह पुढे कित्येक शतकं नव्हता. वनस्पतींना द्विनाम पद्धतीने नावं देणारा लिनियस स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात प्राध्यापक होता. त्याच्या अध्यक्षतेखाली १८६ प्रबंधांचा बचाव झाला आणि त्यांतले बहुतेक खुद्द त्यानेच लिहिले किंवा सांगितले होते. विद्यार्थ्याने ते सभेत लढवायचे, एवढंच. त्या सभेत ‘तुमचं योगदान काय’ असं कुणी विचारलं असतं, तर विद्यार्थ्याने गुरुजींकडे बोट दाखवलं असतं आणि त्यात कुणाला वावगंही वाटलं नसतं.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत हे पालटलं. १८१० मध्ये बर्लिनचं विद्यापीठ उभं राहिलं आणि अध्यापकाने शिकवायचं तसं शोधायचंही, ही कल्पना तिथून रुजत गेली. तरी कित्येक ठिकाणी पदव्या स्वस्तात मिळत. उमेदवाराला हजरही राहावं लागत नसे. इतिहासकार मॉम्सेनने १८७६ मध्ये अशा नामधारी डॉक्टरांवर जाहीर कोरडे ओढले. प्रबंध स्वतःचा हवा, छापलेला हवा आणि त्यात काही नवं हवं, ही अपेक्षा याच काळात घट्ट झाली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने १८६१ मध्ये ही पदवी उचलली. इंग्लंडने मात्र बराच वेळ घेतला; ऑक्सफर्डमध्ये ती १९१७ मध्ये आली. लंडन विद्यापीठाच्या नियमांत मग दोन कसोट्या शब्दबद्ध झाल्या : नव्या तथ्यांचा शोध किंवा स्वतंत्र चिकित्सक बुद्धीचा वापर. आपल्या विद्यापीठांच्या अध्यादेशांतलं ‘नवीन तथ्ये किंवा तथ्यांचा नवा अन्वयार्थ’ हे कलम याच घराण्यातलं. त्यातला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. नवं तथ्य सापडलंच पाहिजे अशी सक्ती तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

या प्रश्नाचं नमुनेदार उत्तर ज्यात सापडतं, तो प्रबंधही लंडन विद्यापीठाचाच आहे : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. चरित्रकार सांगतात की १९२२ मध्ये सादर केलेला हा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहायला सांगितला आणि बाबासाहेबांनी निष्कर्षांना धक्का न लावता तो परत दिला. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी ग्रंथही निघाला. त्याची प्रस्तावना आजच्या विद्यार्थ्याने हातात पेन्सिल घेऊन वाचावी.

बाबासाहेब तिथे आधी काय केलेलं नाही ते सांगतात. रुपयाचं विनिमय मानक प्रत्यक्षात कसं चालतं याचे तपशील इतरांनी दिलेले आहेत, म्हणून आपण ते टीकेपुरतेच घेतले. मग रिकामी जागा दाखवतात. १८९३ मध्ये टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीला बंद झाल्या. ती वेळ का आली, हे आधीच्या ग्रंथांतून नीट कळत नाही, म्हणून १८०० ते १८९३ हा दुर्लक्षित काळ आपण धुंडाळला. पण ते रिकाम्या जागेवर थांबत नाहीत. त्या काळाकडे पाठ फिरवल्यामुळे कोणती चूक रुजली, तेही सांगतात : विनिमय मानक हीच सरकारची मूळ योजना होती, असा समज. प्रत्यक्षात सुवर्ण मानकाचं रूपांतर होत होत ते आलं. शेवटी सिद्धान्ताची बाजू. तिथे तोलाचा ग्रंथ एकच, अर्थशास्त्रज्ञ केन्सचा, १९१३ चा. त्याच्याशी आपला मतभेद कुठे फुटतो, हेही स्पष्ट आहे : रुपयाची सर्वसाधारण क्रयशक्ती स्थिर केल्याशिवाय रुपया स्थिर होणार नाही. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी उपोद्घातात लिहिलं की यातले बहुतेक युक्तिवाद त्यांना मान्य नाहीत, पण विचारांतला ताजेपणा त्यांनी मान्य केला. योगदान पटलंच पाहिजे असं नाही. ते दिसलं पाहिजे.

आता आजच्या व्हायव्यात येऊ. समजा, प्रबंध दोन दुष्काळी तालुक्यांतल्या महिला बचतगटांवर आहे. शेरा आला की विद्यार्थिनी म्हणते, ‘सर, या तालुक्यांवर असा अभ्यास झालेला नाही.’ हे रिकाम्या जागेचं उत्तर झालं. शेजारच्या तालुक्यावरही अभ्यास झालेला नसेल. त्याने ज्ञानात काय फरक पडतो? खरं उत्तर तिच्याच चौथ्या प्रकरणात एका तक्त्याखाली दडलेलं असतं : दुष्काळाच्या वर्षी गटाचे हप्ते वेळेवर भरले गेले, पण कित्येक घरांनी ते सोनं गहाण टाकून किंवा सावकाराकडून उचल घेऊन भरले. म्हणजे उत्तर असं व्हायला हवं : ‘वेळेवर परतफेड ही घर सावरल्याची खूण, असं आधीचे अभ्यास धरून चालतात. माझ्या नोंदींनुसार दुष्काळाच्या वर्षी ती खूण फसवी ठरते. पुरावा चौथ्या प्रकरणातल्या तक्त्यात आहे. बागायती तालुक्यांबद्दल मी काही म्हणत नाही.’ आधीचं मत, त्यातला बदल, पुरावा आणि मर्यादा एवढं चार वाक्यांत मावतं.

आपलं योगदान सापडत नसेल तर एक कसोटी लावावी : हा प्रबंध लिहिलाच गेला नसता, तर आधीच्या अभ्यासकांचं कोणतं विधान आज बिनधोक चालू राहिलं असतं? ते विधान नावानिशी दुसऱ्या प्रकरणात, साहित्याच्या आढाव्यात, असायला हवं. बहुतेकदा घोटाळा तिथेच असतो. आढावा म्हणतो, ‘या विषयावर फारसं संशोधन नाही’, आणि निष्कर्ष भलत्याच मुद्द्यावर बोलतो. परीक्षकाला दोहोंची गाठ दिसत नाही, म्हणून तो ‘अस्पष्ट’ लिहितो. अशा वेळी ‘मौलिक’, ‘प्रथमच’ अशी विशेषणं पेरून किंवा घाईने नवी प्रश्नावली भरून घेऊन काही साधत नाही. आढाव्याचा शेवट दुरुस्त करावा, तेच विधान सारांशात, पहिल्या आणि शेवटच्या प्रकरणात एकाच शब्दांत यावं आणि दुरुस्ती तक्त्यात शेऱ्यासमोर पान क्रमांक द्यावेत.

आणि ही गाठ मारूनही कोणतंच जुनं विधान हलत नसेल, तर परीक्षकाचा शेरा खरा आहे.