परिकल्पना : दिशादर्शी आणि शून्य

परिकल्पना : दोन गोष्टींमधील संबंधाविषयी माहिती गोळा करण्याआधी मांडलेले, आणि त्या माहितीमुळे खोटे ठरू शकेल असे विधान. संबंध कोणत्या बाजूला झुकेल हेही सांगणारी परिकल्पना दिशादर्शी असते. फरक आहे एवढेच सांगून बाजू मोकळी ठेवणारी ती दिशारहित. असा काही संबंध नाही, जे दिसेल ते योगायोगाने, असे म्हणणारी ती शून्य परिकल्पना. चाचणी शून्य परिकल्पनेचीच होते, कारण निव्वळ योगायोगाने काय घडेल याचे गणित आधी करून ठेवता येते.

महाराष्ट्रातील उदाहरण : जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008 मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. हुशार मुलांच्या 100 आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या 100 कुंडल्या जमवण्यात आल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या यादृच्छिकपणे निवडलेल्या 40 कुंडल्या देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातली, हे विचारले गेले. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली.

येथे शून्य परिकल्पना अशी लिहिता येते : ‘ज्योतिषाचे उत्तर बरोबर येण्याची संभाव्यता 0.5 आहे.’ ‘ज्योतिषाला काही कळत नाही’ असे लिहून भागत नाही, कारण त्यातून कोणताही आकडा निघत नाही. 0.5 म्हटले की 40 पैकी सुमारे 20 उत्तरे बरोबर येतील, ही अपेक्षा ठरते. दावा मात्र एकाच बाजूचा आहे, म्हणून दिशादर्शी परिकल्पना अशी होते : ‘ही संभाव्यता 0.5 पेक्षा जास्त आहे.’ एखाद्याची 12 च उत्तरे बरोबर आली, तर ते योगायोगापासून दूर असले तरी दाव्याला आधार देत नाही.

दिशा ठरली की निकालाची रेषाही बदलते. 5 टक्के सार्थकता पातळीवर दिशादर्शी चाचणीला 26 बरोबर उत्तरे पुरतात. दिशारहित चाचणीत 27 लागतात, कारण तीच 5 टक्के शक्यता दोन्ही टोकांत वाटावी लागते. म्हणूनच आकडे पाहिल्यावर दिशा निवडणे म्हणजे सवलत घेणे होय. या अभ्यासात 28 ची अट होती. 27 जणांनी नुसता अंदाज केला, तरी त्यांतला सरासरी एक जण 26 किंवा अधिक गुण गाठतो. 28 गाठणारा क्वचितच निघतो. प्रत्यक्षात सर्वाधिक गुण 24 होते आणि सगळ्यांची सरासरी 20 च्या खालीच राहिली.

शून्य परिकल्पना टिकली म्हणजे ती सिद्ध झाली, असे नाही. खरोखर 55 टक्के अचूक सांगणारा माणूसही 40 कुंडल्यांत 28 गुण शंभरातून चारेक वेळाच मिळवील. एकट्या ज्योतिषाच्या अपयशावरून म्हणूनच फार काही ठरत नाही. मात्र 27 जणांची मिळून 1,080 उत्तरे पाहिली, तर एवढे कौशल्य असल्यास सुमारे 594 बरोबर यायला हवी होती. आली ती निम्म्याहूनही कमी. निष्कर्षाचे बळ या एकत्रित संख्येत आहे.

परिकल्पना केव्हा लिहावी : तुलना किंवा संबंध तपासायचा आहे का, अपेक्षेला आधीचा आधार आहे का, आणि कोणती माहिती आली तर आपण चुकलो म्हणू, ही तीन उत्तरे हाती असावीत. सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडीत एखाद्याला महाविद्यालयीन हजेरीचा अभ्यास करायचा आहे असे समजू. ‘रोज रेल्वेने येणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी हजेरी गावातील विद्यार्थ्यांपेक्षा कमी असते’ ही दिशादर्शी परिकल्पना योग्य ठरेल, कारण प्रवासामुळे तास चुकतात असे मानायला कारण आहे. ‘दोन्ही गटांच्या सरासरी हजेरीत फरक नाही’ ही तिची शून्य परिकल्पना. दिशेला आधार नसेल, तर दिशारहित विधान लिहावे.

‘किती विद्यार्थी रेल्वेने येतात?’ या प्रश्नाला मात्र परिकल्पना लागत नाही. नीट निवडलेला नमुना आणि अंदाजाची त्रुटी सांगितली की पुरे. 1897 मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी बंद होऊन मोठी लाइन आली, तो बदल कुर्डुवाडीच्या रेल्वे कुटुंबांनी कसा अनुभवला, या मुलाखतींच्या अभ्यासालाही ती नको. तिथे काय सापडेल हेच ठाऊक नसते, आणि आधी लिहिलेले विधान मुलाखतीतील प्रश्नांना आपल्याच दिशेने ओढते. अशा अभ्यासात संशोधन-प्रश्न स्पष्ट लिहावा. त्यातून पुढे परिकल्पना सुचली, तर ती त्याच माहितीवर तपासू नये. नवी माहिती गोळा करावी.

प्रबंधाच्या आराखड्यात ‘परिकल्पना’ हा रकाना आहे म्हणून तो भरणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. ‘विद्यार्थ्यांना अडचणी असतात’ यासारखे, कोणत्याही माहितीने खोटे न ठरणारे विधान तेथे दिसले, तर त्या अभ्यासाला परिकल्पनेची गरज नव्हती किंवा ती अजून लिहिलीच गेलेली नाही, असे समजावे.