बीपीएमची कुळकथा

गाण्याला आकडा चिकटला तो धावणाऱ्यांसाठी नव्हे, वाजवणाऱ्यांसाठी. 1815 साली योहान मेल्त्सेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं. लोलकाची मूळ युक्ती अ‍ॅमस्टरडॅमच्या विंकेलची, पण नाव झालं मेल्त्सेलचं. 'जरा जलद' अशा मोघम सूचनेऐवजी मिनिटाला किती ठोके ते लिहिता येऊ लागलं. प्लेलिस्टवरचा बीपीएम हा त्याच आकड्याचा वंशज.

हा आकडा व्यायामाकडे वळायच्या आधी, 1911 मध्ये, लेनर्ड आयर्स यांनी सहा दिवसांच्या सायकल शर्यतीचं निरीक्षण छापलं. बँड वाजत असताना सायकलस्वारांचा सरासरी वेग ताशी 19.6 मैल, बँड थांबला की 17.9. अर्थात वेग बँडमुळे वाढला की प्रेक्षकांच्या जल्लोषामुळे, हे अशा मोजणीत वेगळं काढता येत नाही.

पुढचा प्रसिद्ध दाखला इथिओपियाच्या हेले गेब्रसेलासीचा. फेब्रुवारी 1998 मध्ये बर्मिंगहॅमला 'स्कॅटमन' हे गाणं लावून त्याने 2000 मीटरचा इनडोअर विक्रम केला: 4 मिनिटं 52.86 सेकंद. गाण्याची लय साधारण 136. आता हिशेब करा. प्रत्येक ठोक्याला एक पाऊल म्हटलं, तर त्याचं एकेक पाऊल तीन मीटरचं होतं! म्हणजे पाय ठेक्यावर पडत नव्हते. गाणं अंगात जोश भरत होतं. ठेक्यावर पाऊल टाकणं हा निराळा प्रकार.

तो साधायचा तर आधी नेहमीच्या वेगात अर्धं मिनिट पावलं मोजा आणि दुप्पट करा. समजा, 160 आली आणि किलोमीटरला 7 मिनिटं लागतात. म्हणजे पाऊल सुमारे 89 सेंटिमीटरचं. 170 चं गाणं लावलं आणि पाऊल तेवढंच राहिलं, तर वेळ 6 मिनिटं 35 सेकंदांवर येते. पण पाऊल 84 वर आखडलं, तर पुन्हा 7 मिनिटंच! ठेका पावलांची संख्या ठरवतो, लांबी नाही. म्हणून गाणं बदललं की घड्याळही बघायचं.

श्रमांचंही तसंच. ब्रुनेल विद्यापीठाचे कोस्टास काराजॉर्गिस यांच्या अभ्यासांत हलक्या-मध्यम व्यायामात संगीतामुळे श्रम कमी जाणवतात. धाप इतकी लागली की वाक्य पुरं होईना, तर मात्र लक्ष श्वासाकडे आणि पोटऱ्यांकडे जातं. गाणं नुसतं वाजत राहतं.

आणि 160 चं गाणं सापडेना, तर 80 चं घ्या. तबलजी ज्याला दुगुन म्हणतो तेच करायचं: एका ठोक्यात दोन पावलं. अ‍ॅपही कधी एकाच गाण्याला 80 म्हणतं, कधी 160. धावण्यापूर्वी टाळी देऊन ठेका तपासलेला बरा.