मुदत ठेव आणि करमुक्त चक्रवाढ

बँकेतील किंवा पतसंस्थेतील मुदत ठेवीच्या व्याजावर दरवर्षी आयकर द्यावा लागतो. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे पीपीएफच्या व्याजावर तो कधीच लागत नाही. व्याजदर सारखा असला तरी या एका फरकामुळे दोन खात्यांतली रक्कम वर्षागणिक एकमेकींपासून दूर जाते. हे अंतर किती असते, ते कशामुळे पडते आणि कोणाच्या बाबतीत पडतच नाही, याचा विचार या नोंदीत केला आहे.

बुलढाणा जिल्ह्यात ठेव पावती घरोघरी असते. 1986 साली राधेश्याम चांडक यांनी सुरू केलेल्या बुलडाणा अर्बन या पतसंस्थेचे मुख्यालय याच जिल्ह्यात आहे आणि तिचा विस्तार आज राज्याबाहेरही झाला आहे. कापूस-सोयाबीनचे पैसे आले की त्यातला काही भाग पावतीत जातो, ही इकडची जुनी रीत. त्यातून एक गैरसमजही रूढ झाला आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून त्या पैशाच्या ठेवीवरचे व्याजही करमुक्त, असे अनेकांना वाटते. कायदा तसे मानत नाही. सोयाबीन विकून आलेली रक्कम शेती उत्पन्नात धरली जाते, पण तीच रक्कम पावतीत ठेवून मिळालेले व्याज ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ ठरते आणि करपात्र उत्पन्नात मिळवले जाते.

पीपीएफ योजना 1968 च्या कायद्याने आली. खाते पोस्टात किंवा बँकेत उघडता येते. मुदत 15 वर्षांची असून वर्षाला कमीत कमी 500 आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करते. एप्रिल 2020 पासून तो 7.1 टक्के असून 2025-26 मध्येही तोच राहिला. जुन्या करपद्धतीत भरलेल्या रकमेवर 80-सी खाली वजावट मिळते, नव्या पद्धतीत ती नाही. व्याज मात्र दोन्ही पद्धतींत करमुक्त आहे.

आता हिशेब. चिखलीतल्या महाविद्यालयातले एक प्राध्यापक धरू. त्यांनी जुनी करपद्धत निवडली आहे आणि करपात्र उत्पन्न 10 लाखांच्या वर आहे. म्हणजे वरच्या प्रत्येक रुपयावर 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 31.2 टक्के. त्यांनी 1 लाख रुपये पीपीएफमध्ये आणि 1 लाख मुदत ठेवीत ठेवले. तुलना सोपी राहावी म्हणून दोन्हीकडे वर्षाला 7.1 टक्के दर 15 वर्षे कायम राहतो आणि ठेवीवरचा कर त्याच ठेवीच्या व्याजातून भरला जातो, असे मानू.

पहिल्या वर्षी दोन्हीकडे 7,100 रुपये व्याज जमा होते. ठेवीच्या व्याजातले 2,215 रुपये करात जातात आणि 4,885 उरतात. दुसऱ्या वर्षी पीपीएफला 1,07,100 रुपयांवर 7,604 रुपये व्याज मिळते, तर ठेवीला 1,04,885 रुपयांवर 7,447. करापूर्वीच्या व्याजातला फरक अवघा 157 रुपयांचा, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पंधराव्या वर्षी मात्र पीपीएफमध्ये 18,549 रुपये व्याज पडते आणि ठेवीत कर वजा जाता 9,524. त्या वेळी पीपीएफची शिल्लक सुमारे 2,79,800 रुपये असते आणि ठेवीची सुमारे 2,04,500.

म्हणजे तफावत साधारण 75,300 रुपयांची. एवढी सगळी रक्कम करात गेली, असे सहज वाटते. प्रत्यक्षात पंधरा वर्षांत भरलेला कर सुमारे 47,400 रुपये होतो. उरलेले 27,900 रुपये सरकारला मिळाले नाहीत आणि ठेवीदारालाही नाहीत. दरवर्षी जो पैसा करापोटी बाहेर पडला, त्यावर पुढे जे व्याज आणि व्याजावर व्याज मिळाले असते, ती ही रक्कम आहे. कर एकदाच, शेवटी, त्याच दराने घेतला असता तर हातात सुमारे 2,23,700 रुपये आले असते. वार्षिक कराने ठेवीचा दर 7.1 वरून 4.88 टक्क्यांवर येतो आणि चक्रवाढ त्या 4.88 टक्क्यांचीच होते. कर 20.8 टक्के असेल तर दर 5.62 टक्के पडतो आणि पंधरा वर्षांनी सुमारे 2,27,200 रुपये होतात.

पावतीवर हे दिसत नाही. तिच्यावर मुदतपूर्तीची रक्कम करापूर्वीची छापलेली असते. बँक व्याज ठरावीक मर्यादेपुढे गेले तरच टीडीएस कापते, तोही 10 टक्के. प्राध्यापकांना उरलेले 21.2 टक्के विवरणपत्र भरताना खिशातून द्यावे लागतात. ते पगारातून जात असल्याने ठेव भरभर वाढतेय असा भास होतो. टीडीएस कापला म्हणजे कर संपला, किंवा कापला नाही म्हणजे कर नाही, हे दोन्ही समज चुकीचे आहेत. पुनर्गुंतवणूक ठेवीत व्याज हाती येत नाही, तरी बँक दरवर्षीचे व्याज कळवते आणि ते आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात दिसते. ठेवीदाराने हिशेब मुदत संपेपर्यंत लांबवला, तर विवरणपत्र आणि खात्याच्या नोंदी जुळत नाहीत. शिवाय सगळे व्याज एकाच वर्षात धरल्याने वरचा कर-टप्पा लागू शकतो.

पीपीएफमधली नेहमीची चूक तारखेची. महिन्याच्या 5 तारखेच्या अखेरीपासून महिनाअखेरीपर्यंत खात्यातली जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज धरतात. दीड लाख रुपये 5 एप्रिलऐवजी 6 एप्रिलला भरले तर त्या रकमेचे एप्रिलचे 887 रुपये 50 पैसे बुडतात. धनादेश दिला असेल, तर तो वटायला लागणारे दिवसही धरावे लागतात. पैसे अडकून पडतात ही पीपीएफची मोठी मर्यादा. अंशतः रक्कम सातव्या आर्थिक वर्षापासूनच काढता येते. मुलीचे लग्न किंवा विहिरीचे काम तीन वर्षांवर असेल तर हे खाते उपयोगाचे नाही.

ठेवीच्या व्याजावरील कराचा तोटा सगळ्यांना होत नाही. 2025-26 पासून नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर, सवलत धरता, कर शून्य होतो. मेहकरच्या एखाद्या छोट्या दुकानदाराचे व्याजासह उत्पन्न त्या आत असेल, तर त्याची ठेव पूर्ण दराने वाढते. बँका बहुधा तिमाही चक्रवाढ देत असल्याने 7.1 टक्क्यांची ठेव त्याला वर्षाला 7.29 टक्के देते, म्हणजे पीपीएफपेक्षा किंचित जास्तच.

कर भरणाऱ्याने मात्र दराची बरोबरी आधी काढावी. करमुक्त 7.1 टक्क्यांइतके पदरात पडायला 20.8 टक्के कर असणाऱ्याला ठेवीवर वार्षिक 8.96 टक्के आणि 31.2 टक्के कर असणाऱ्याला 10.32 टक्के दर मिळायला हवा. पतसंस्था जास्त दर देत असली, तरी बँक ठेवींना असलेले 5 लाखांपर्यंतचे ठेव विमा संरक्षण पतसंस्थेतील ठेवीला नसते.