निवेदनाचा वेग व वाक्यलांबी : श्रोत्यांनुसार बदल

गोष्ट, बातमी किंवा सूचना सांगताना श्रोता पाहून बोलण्याची गती आणि वाक्याची बांधणी बदलणे. नागपूरच्या मनीषनगरसारख्या वस्तीत एकाच बैठकीत आजी-आजोबा, नातवंडे आणि हिंदी मातृभाषेचे शेजारी ऐकायला बसतात. तिथे तिन्ही गरजा एकदम सांभाळाव्या लागतात.

नभोवाणीतील पूर्वपीठिका : ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने १९५९ मध्ये परभाषिकांसाठी ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केले. त्यात सुमारे १,५०० शब्द, छोटी वाक्ये आणि नेहमीच्या गतीच्या दोन-तृतीयांश वेग असे. आकाशवाणीच्या ‘धीमी गति के समाचार’चा हेतू वेगळा होता : छोट्या वृत्तपत्रांना बातम्या ऐकून उतरवून घेता याव्यात.

वृद्ध श्रोते : वयानुसार आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात, त्यामुळे स, श यांसारखी व्यंजने निसटतात. भरभर बोलले की निसटलेले संदर्भाने भरून काढायला उसंत उरत नाही. मात्र प्रत्येक अक्षर ताणल्याने फायदा होत नाही. वाक्य विसविशीत होते आणि ऐकणाऱ्याला आपल्याला लहान मूल समजले गेल्यासारखे वाटते. उपयोगी पडतो तो अर्थ पुरा होतो तिथला विराम. शब्दाशब्दाला थांबणे उलट त्रासाचे ठरते.

लांबीपेक्षा बांधणी महत्त्वाची. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि विशेषणे नामाआधी साचतात. उदाहरणार्थ : ‘काल फाटकाजवळ थांबलेल्या बसमधून उतरलेल्या आजींनी विचारलेला पत्ता मुलाने सांगितला.’ हे वाक्य फार लांब नाही, पण कोणी काय केले ते शेवटपर्यंत डोक्यात धरून ठेवावे लागते. सोडवले तर : ‘काल फाटकाजवळ बस थांबली. तिच्यातून एक आजी उतरल्या. त्यांनी एका मुलाला पत्ता विचारला. मुलाने तो सांगितला.’ शब्द वाढले, ओझे उतरले.

दुसरी भाषा ऐकणारे : हिंदी भाषकाला मराठीचे बरेच शब्द ओळखीचे वाटतात, अडते ते सामान्यरूपात. ‘तळ्यात’ एकदम कानावर आले तर ‘तळे’ लक्षात येत नाही. म्हणून नाम आधी मूळ रूपात आणावे : ‘एक तळे होते. त्या तळ्यात…’ इथेही सरसकट संथपणापेक्षा वाक्यांमधली उसंत अधिक कामाची.

लहान मुले : वाक्ये तोडताना ‘म्हणून’ आणि ‘कारण’ गाळू नयेत, गाळल्यास कार्यकारण मुलालाच जुळवावे लागते. तीच गोष्ट पुन्हा सांगणे उपयोगी.

पडताळा : ‘समजलं का?’ या प्रश्नाला बहुतेक जण होच म्हणतात. त्याऐवजी ‘पत्ता कोणी सांगितला?’ असे विचारावे. उत्तरात आजी आणि मुलगा यांची अदलाबदल झाली, तर आधी वाक्याची बांधणी बदलावी, वेग नंतर.