सात चाळीसची कळ

पहाटे पाचला सुटणारी मॅरेथॉन, चार तासांचं लक्ष्य आणि पोटानं दिलेला दगा. हा घटनाक्रम प्रातिनिधिक असला तरी लांब पल्ल्याच्या धावकांना ओळखीचा वाटेल.

शनिवार, रात्री ९:००
जेवणात राजमा आणि मोठी वाटी कोशिंबीर. एरवी उत्तम आहार, पण यातला न पचणारा चोथा उद्या सकाळी मोठ्या आतड्यातच असणार आहे.

रविवार, ४:१५
उशिरा उठून घाईत दुधाचा चहा आणि पीनट बटर लावलेला ब्रेड. स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात. शिवाय पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हालचाल करू लागतं. ती हालचाल आता शर्यतीतच होणार.

४:४०
शौचालयापुढे लांब रांग. धावक रांग सोडतो.

५:००
शर्यत सुरू. वेग वाढतो तसं रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळतं आणि आतड्यांचा पुरवठा कमी होतो. पचनाची ताकद इथेच घटली.

६:४५
थकवा जाणवतो. अर्ध्या तासात दोन जेल पोटात जातात, वर पाण्याऐवजी स्पोर्ट्स ड्रिंक. प्रत्येक जेलमध्ये सुमारे २५ ग्रॅम कर्बोदकं. निव्वळ ग्लुकोज असेल तर शरीर तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषू शकतं. इथे तासाचा वाटा अर्ध्या तासात संपला. उरलेली दाट साखर आतड्यात पाणी ओढून घेते.

७:२५
पोट गुरगुरतं, गॅस होतो. हा शेवटचा इशारा. अजूनही वेग कमी करून, जेल थांबवून, घोट घोट साधं पाणी घेतलं तर प्रसंग टळू शकतो. धावक वेग वाढवतो.

७:४०, २८वा किलोमीटर
मुरडा, घाम, आणि पुढचं शौचालय कुठे आहे ते माहीत नाही.

हेच घड्याळ सुधारून
आदल्या दिवशी कडधान्यं आणि कच्च्या भाज्या टाळून साधा वरण-भात. उठायचं दोनला, अडीचपर्यंत केळं किंवा पांढरा ब्रेड. चहा-कॉफी घ्यायची तर तेव्हाच आणि रोजच्या सवयीचीच, म्हणजे घरातूनच पोट मोकळं करून निघता येतं. शर्यतीत दर ३०-४० मिनिटांनी एकच जेल, सोबत साधं पाणी. आतडंही सरावानं तयार होतं, म्हणून हाच जेल आधीच्या काही आठवड्यांच्या लांब पल्ल्यांत घेऊन पाहायचा. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं शर्यतीत नकोत. ती आतड्याच्या अस्तराला आणखी त्रास देतात.

शौचात रक्त दिसलं, तर मात्र आहार बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.